शनिवारी नाही, सोमवारी हो: वीस महिन्यांच्या मुलीचा ताप

ऐरोलीतल्या एका कुटुंबाचं हे प्रकरण, ऑगस्टमधलं. मुलगी २० महिन्यांची. महिन्याभरापूर्वी डीपीटीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला होता, तेव्हाचं वजन १० किलो २०० ग्रॅम. मोठं दुखणं आजवर कधी नाही. दिवसा पाळणाघरात जाते, रात्री अजून आईचं दूध पिते. घरात आई, वडील आणि साताऱ्याहून आलेली आजी. मी त्यांची बालरोगतज्ज्ञ. पहिला फोन शनिवारी रात्री नऊच्या सुमारास आला. आईचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, शंभर पॉइंट दोन आहे, आणू का?"

बाहेर मुसळधार पाऊस होता. आणायचं म्हणजे रिक्षा शोधणं, आणि दवाखान्यात खोकणाऱ्या सात-आठ मुलांच्या मध्ये तासभर बसणं. गरज असेल तर हे सगळं करायलाच हवं. गरज आहे का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर १००.२ या आकड्यात नव्हतं.

फोनवर मी आकड्याकडे सर्वात शेवटी येते. आधी वय. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त असेल, तर पुढे काही विचारायचंच नाही. ते कितीही छान दिसत असलं तरी ताबडतोब दाखवायचं, मध्यरात्र असली तरी. इतक्या लहान बाळाला गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी ते सुरुवातीला वेगळं काही दाखवत नाही. २० महिन्यांचं मूल मात्र दाखवतं. म्हणून दुसरा प्रश्न विचारला: आत्ता, या क्षणी ती काय करते आहे?

"आजीच्या मांडीवर बसून डब्याची झाकणं काढतेय, लावतेय."

या एका उत्तरात बरंच काही कळलं. मुलगी जागी आहे, बसली आहे, हाताने नेमकं काम करते आहे आणि तिला त्यात रस आहे. मग श्वास. नाक सकाळपासून वाहत होतं, पण पोट उडत नव्हतं, घरघर नव्हती. संध्याकाळी वरणभात दोन घासच खाल्ला, पण पाणी आणि दूध नेहमीसारखं प्याली. शेवटची शू अर्ध्या तासापूर्वी. उलटी नाही, जुलाब नाही, अंगावर पुरळ नाही. लशीचा ताप म्हणावा तर डीपीटीचा दोन दिवसांत येऊन जातो आणि गोवराच्या लशीचा साधारण पाच ते बारा दिवसांच्या दरम्यान येतो. इथे महिना उलटला होता, म्हणजे ते कारण बाद.

मग आकडा. डिजिटल थर्मामीटरने काखेत मोजलेला होता. काखेतलं माप शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी येतं. त्यात अंश मिळवून नवा आकडा काढायची गरज नाही, फक्त "काखेत १००.२" असं सांगायचं. काख घामेजलेली असेल तर आधी पुसायची, काडी वाजेपर्यंत हात अंगाशी धरायचा. कपाळाला नेम धरायच्या बंदुकीवर माझा फारसा विश्वास नाही. पंख्याखाली बसलेल्या मुलाला ती वेगळा आकडा देते आणि झोपेतून उठलेल्याला वेगळा.

माझा निर्णय: आणू नका. औषधही आत्ता नको. ताप उतरवायचं औषध मुलाला बरं वाटावं म्हणून द्यायचं असतं, थर्मामीटरला नव्हे. झाकणं लावत बसलेल्या मुलीला त्याची गरज नव्हती. अंगातले जास्तीचे कपडे काढा, पंखा चालू ठेवा, पाणी आणि दूध मागेल तेवढं द्या. रात्री मूल किरकिरायला लागलं तर पॅरासिटामॉल द्या. हे "द्या" म्हणणं सोपं आहे. किती द्यायचं, यात मात्र सगळ्यात जास्त घोळ होतो.

घरात असलेल्या ताप-औषधाच्या सगळ्या बाटल्यांचा फोटो पाठवा म्हटलं. तीन बाटल्या निघाल्या. पहिली ड्रॉप्सची, बाळ चार-पाच महिन्यांचं असतानाची. तिच्यावर लिहिलं होतं, १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. दुसरी सिरपची, ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम, संपत आलेली. तिसरी नवी, वडिलांनी त्याच संध्याकाळी आणलेली. दुकानदाराने दिली ती ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅमवाली. रंगाने सगळ्या साधारण सारख्याच. आजींच्या डोक्यात "लाल औषध, एक चमचा" इतकंच पक्कं होतं.

मात्रा वजनावरून ठरते, वयावरून नाही: दर किलोला १५ मिलिग्रॅम. १० किलो २०० ग्रॅमच्या मुलीला सुमारे १५० मिलिग्रॅम. आता हेच १५० मिलिग्रॅम जुन्या सिरपमधून द्यायचं तर सव्वासहा मिली होतं, नव्यातून ३ मिली आणि ड्रॉप्समधून दीड मिली. आजींचा एक चमचा नव्या बाटलीतून गेला असता तर २५० मिलिग्रॅम पोटात गेलं असतं. एकदा गेल्याने सहसा काही होत नाही, पण चार-चार तासांनी, दोन दिवस, तेही कमी खाणाऱ्या मुलीत असं चाललं तर यकृताला इजा होऊ शकते. आणि ड्रॉप्सची बाटली सिरप समजून चमच्याने ओतली तर ५ मिलीत ५०० मिलिग्रॅम जातं, म्हणजे तिच्या मात्रेच्या तिप्पट-चौपट. उलटी चूकही मी पाहते: सिरपची मात्रा ड्रॉपरने दीड मिली देऊन "औषध लागूच पडत नाही" म्हणून पालक घाबरून येतात.

त्यांना नवी बाटली वापरायला सांगितली आणि बाकीच्या दोन्ही दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवायला लावल्या. नव्या बाटलीवर पेनने लिहायचं: "एका वेळी ३ मिली, दोन मात्रांमध्ये निदान ४ तास, चांगले ६ तास, दिवसाला जास्तीत जास्त ४ वेळा." मोजायला बाटलीबरोबर आलेली टोपी किंवा सुई नसलेली सिरिंज घ्यायची, घरातला चमचा नाही. औषध दिल्याची वेळ फ्रिजवरच्या कागदावर मांडायची, कारण आजी, आई आणि बाबा असे तिघे देणारे असले की एक मात्रा दोनदा जाते. आणि सर्दीचं मिश्र सिरप त्यावर द्यायचं नाही. त्यातल्या बऱ्याच सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, आणि दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं एरवीही द्यायची नसतात.

"मेफेनॅमिकवालं देऊ का? ते जोरात उतरवतं असं बहीण म्हणते," आईने विचारलं. नको म्हटलं. ऑगस्टमध्ये नवी मुंबईत ताप म्हटला की डेंगी मनात ठेवावाच लागतो. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिडच्या गटातली औषधं पोटाला त्रास देतात, प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, आणि पाणी कमी पडलेल्या मुलाच्या मूत्रपिंडावर ताण आणतात. पावसाळ्यात ताप कशाचा हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. निमेसुलाइडवर तर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदीच आहे, तरी जुन्या चिठ्ठ्यांवर ते अधूनमधून दिसतं.

रात्री दीड वाजता ताप १०१.८ झाला. मुलगी रडत उठली, हातपाय गार, अंग तापलेलं. गार हातपाय पाहून आई घाबरली. ताप चढत असताना हातापायाकडचं रक्त आत ओढलं जातं, म्हणून ते गार लागतात. ताप चढून स्थिरावला की तासाभरात ते गरम व्हायला हवेत. ३ मिली औषध दिलं.

पुढच्या तासाबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच. औषधाने ताप किती उतरला यावरून आजार साधा की गंभीर हे कळत नाही. गंभीर संसर्गातही पॅरासिटामॉलने दोन अंश उतरतात, आणि साध्या विषाणूतही कधीकधी जेमतेम अर्धा उतरतो. पाहायचं ते असं: ताप थोडा खाली आला की मूल आपल्यात परत येतं का? डोळ्याला डोळा देतं का, काही मागतं का, चिडायचं तर ताकदीने चिडतं का? चढलेल्या तापात प्रत्येक मूल मलूल दिसतं, मोठी माणसंही दिसतात. ताप उतरलेला असताना मलूल असलेलं मूल मात्र लगेच दाखवायचं, थर्मामीटरवर ९९ असला तरी.

अडीच वाजता काखेत १००.४ होता. ती आईचं दूध प्याली, पाणी मागितलं, "भूभू कुठंय" विचारलं आणि झोपली. झोपल्यावर वडिलांनी श्वास मोजले. पोट वर-खाली झालं की एक, असं पूर्ण मिनिटभर. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. ३४ आले. एक ते पाच वर्षांच्या मुलात शांत असताना मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. तापाने श्वास आपसूक वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावा. पण बरगड्यांच्या खालची कड प्रत्येक श्वासाला आत ओढली जात असेल, किंवा श्वास सोडताना कण्हण्यासारखा आवाज येत असेल, तर मोजत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं.

रविवारी सकाळी दुसरा फोन, यावेळी वडिलांचा. रात्रीत त्यांनी बरंच वाचलं होतं. त्यांना रक्ततपासणी करून टाकायची होती, "म्हणजे एकदाचं कळेल." तापाला चौदा-पंधरा तास झाले होते. इतक्या लवकर केलेल्या सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी थोड्या वर किंवा थोड्या खाली दिसतात, आणि दोन्ही आकडे विषाणूतही येतात, जिवाणूतही. खेळत्या मुलीचा असा अहवाल हातात आला की त्यातून उत्तर मिळत नाही, अँटिबायोटिक मात्र सुरू होतं. मी नको म्हटलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, हे आवाजावरून कळत होतं.

त्यांची दुसरी भीती खरी होती: ताप डोक्यात जाईल, झटका येईल. तापातले झटके सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना येऊ शकतात, शंभरात दोन ते पाच मुलांना येतात, आणि वेळेवर पॅरासिटामॉल दिल्याने ते टळतात असं दिसलेलं नाही. म्हणून झोपलेल्या मुलीला झटक्याच्या धास्तीने उठवून औषध पाजू नका म्हटलं. आलाच तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही, कांदा-चप्पल शोधत बसायचं नाही, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने रुग्णालय. थांबला तरी पहिलाच झटका असेल तर त्याच दिवशी दाखवायचं.

आजींचे उपाय मी एकेक विचारून घेतले. न विचारता "घरगुती काही करू नका" म्हटलं की ते बंद होत नाहीत, फक्त मला कळायचे बंद होतात. मीठ-मोहरीने दृष्ट काढली होती, खुशाल काढा. कपाळावर थंड पाण्याची पट्टी ठेवली होती. साध्या पाण्याची असेल आणि मुलीला आवडत असेल तर ठेवा, ताप त्याने फारसा हलत नाही. बर्फाच्या पाण्याने अंग पुसलं तर हुडहुडी भरते आणि ताप आणखी चढतो, म्हणून ते नको. ओवा-कापराची पुरचुंडी गळ्यात बांधली होती, ती मात्र लगेच काढायला लावली. या वयाचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापराचा छोटा तुकडाही पोटात गेला तर झटके येऊ शकतात. उगाळलेलं जायफळही नको म्हटलं. मुलगी गुंगली तर ती आजाराने की जायफळाने, हे कोणी सांगू शकणार नाही, आणि आपला सगळा निर्णय तर तिच्या तरतरीवर उभा.

आजी म्हणाल्या, "मागच्या खेपेचं अँटिबायोटिक अर्धी बाटली उरलंय फ्रिजात, ते चालू करायचं का? खर्च वाचंल." पाणी घालून बनवलेलं ते सिरप सात-दहा दिवसांनंतर टाकूनच द्यायचं असतं. पण ते ताजं असतं तरी माझं उत्तर बदललं नसतं. त्याचं कारण सोमवारी आणि बुधवारी, दोनदा समोर आलं.

रविवारी दिवसभर ताप १०० ते १०२ मध्ये वरखाली होत राहिला. खरी अडचण संध्याकाळी उभी राहिली. "शू कधी केली?" याचं कोणाकडेच उत्तर नव्हतं. सकाळपासून डायपर होता, आणि आजकालचे डायपर इतकं शोषतात की दोन वेळची शू झाली तरी हाताला कोरडेच लागतात. शेवटचा नक्की ओला डायपर दुपारी दोन वाजता बदललेला, आता पावणेसात. डायपर काढून टाका म्हटलं, सुती चड्डी घाला आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन-तीन चमचे पाणी, ताक, पेज, जे घेईल ते द्या. आठ तास शू नाही म्हणजे दाखवायचंच, मग मूल कितीही बरं दिसो. जीभ सुकलेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, किंवा प्यायलाच तयार नाही, असं असेल तर आठ तासही थांबायचं नाही. दहाची वेळ ठरवली. तोवर शू झाली नाही तर कोणी कोणाला विचारायचं नाही, गाडी काढायची. वाशीला महापालिकेच्या रुग्णालयात रात्रीही मुलांना पाहतात. साडेआठला फरशीवर मोठं तळं झालं. आईने त्याचाही फोटो पाठवला.

सोमवारी सकाळी वरवर पाहता सगळं आदल्या दिवसासारखंच होतं. ताप १०१.६, औषधाने उतरतो, उतरला की खेळते, पिते. घरचे आता सरावले होते. आईने फोनवर सहज सांगितलं, "नाक तर कालपासून बंदच झालंय वाहायचं, खोकलाही नाही." तिच्या दृष्टीने ही चांगली बातमी होती. माझा निर्णय या वाक्याने फिरला.

शनिवारी मी घरी थांबा म्हटलं त्याला दोन आधार होते. मुलगी तरतरीत होती, आणि तापाला एक दिसणारं कारण होतं, सर्दी. आता दुसरा आधार निघून गेला होता. सर्दी गेली, ताप राहिला. दोन वर्षांखालच्या मुलीत ताप ४८ तासांच्या घरात पोचला आणि नाक, घसा, कान, छाती, पोट यांपैकी कशातच कारण दिसत नसेल, तर लघवीच्या जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. या वयाचं मूल "शूला जळजळतं" असं सांगत नाही. फक्त ताप येतो, तोही कधीकधी मंद. औषधाशिवाय राहिला तर मूत्रपिंडावर व्रण उरू शकतो. शिवाय ऑगस्ट महिना, म्हणून डेंगी आणि मलेरिया. मुलगी शनिवारपेक्षा जास्त आजारी नव्हती, तरी मी संध्याकाळी घेऊन या म्हटलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे ४८ तास मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होते. विचारायला ओळखीचा डॉक्टर नसेल, तर दोन वर्षांखालच्या मुलाला ताप २४ तासांच्या पुढे गेल्यावर एकदा दाखवावं, असंच मी सांगेन.

दवाखान्यात कान तपासले, घसा पाहिला, छाती ऐकली, मान वाकवून पाहिली, तळवे-तळपाय-तोंड यांत फोड आहेत का पाहिलं. पाळणाघरातल्या मुलांमध्ये पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार फिरतो. घसा किंचित लाल, बाकी काही नाही. नखावर दाबून सोडलं तर रंग दोन सेकंदांच्या आत परतत होता, म्हणजे रक्ताभिसरण ठीक.

लघवीचा नमुना हे खरं काम. चिकटवायची पिशवी लावून घेतलेली लघवी कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून पाहण्यासाठी, मी पाठवत नाही. त्यात कातडीवरचे जंतू मिसळतात आणि नसलेला संसर्ग अहवालात दिसतो. मुलीला साध्या पाण्याने नीट धुतलं, भरपूर पाणी पाजलं आणि आई निर्जंतुक डबी हातात धरून तिच्यासमोर उकिडवी बसली. अर्धा तास गेला. मग मधल्या धारेची लघवी मिळाली. ती साध्या तपासणीला आणि कल्चरला, दोन्हीकडे गेली. उरलेलं अँटिबायोटिक आदल्या दिवशी सुरू झालं असतं तर या अर्ध्या तासाला अर्थच राहिला नसता. दोन-चार मात्रांत लघवीतले जंतू वाढेनासे होतात, कल्चर "निर्जंतुक" येतं, आणि संसर्ग होता की नव्हता हे पुढे कधीच कळत नाही.

रक्तही त्याच वेळी घेतलं, रविवारी ज्याला मी नाही म्हटलं होतं तेच. वडिलांनी तसं बोलूनही दाखवलं. फरक असा की आता प्रश्न नेमके होते: मलेरिया आहे का, डेंगीच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन रक्तात सापडतं का, प्लेटलेट कुठून सुरू होतात.

रात्री अहवाल आले. लघवीत पू-पेशी १-२, म्हणजे नेहमीच्या. मलेरिया नाही, एनएस१ नाही. प्लेटलेट १ लाख ९० हजार, पांढऱ्या पेशी ४,६००. शेवटच्या आकड्यापुढे प्रयोगशाळेने खालच्या दिशेचा बाण काढला होता, त्यावरून पुन्हा फोन. कमी पांढऱ्या पेशी विषाणूच्या तापात नेहमीच्याच, डेंगीतही आणि इतर अनेक विषाणूंतही. कल्चर दोन दिवसांनी येणार होतं. तोवर अँटिबायोटिक नाही, पॅरासिटामॉल लागेल तसं. मंगळवारीही ताप राहिला, १०२ च्या खाली.

बुधवारी पहाटे ताप उतरला आणि औषध न देता उतरलेलाच राहिला. एनएस१ नाही आलं म्हणजे डेंगी नाहीच असं शंभर टक्के म्हणता येत नाही. आणि डेंगीत धोक्याचा काळ ताप उतरतानाचा असतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये. म्हणून ताप गेल्याचा फोन आला तेव्हाही मी पुढचे दोन दिवस काय पाहायचं ते सांगितलं: पोट दुखून सतत रडणं, पुन्हा पुन्हा उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडून मूल गळून जाणं, शू कमी होणं. यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णालय. तिच्यात यातलं काही नव्हतं. सोफ्यावर चढून उड्या मारत होती, चार दिवसांची भूक एकदम लागली होती.

संध्याकाळी छातीवर आणि पाठीवर बारीक गुलाबी पुरळ आलं. घरात पुन्हा धावपळ. आजींनी लगेच निदान केलं: गोवर. गोवराचं पुरळ कानामागून, चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरतं, आणि ते येतं तेव्हा ताप जोरात असतो, डोळे लाल, नाक गळत, खोकला. इथे ताप जाऊन बारा तास झाले होते, पुरळ आधी धडावर होतं आणि मुलगी मजेत होती. काचेचा पेला पुरळावर दाबून पाहायला लावला. ठिपके काचेखाली नाहीसे होत होते. काचेखालीही दिसत राहणारे लाल-जांभळे ठिपके म्हणजे कातडीखालचा रक्तस्राव, आणि तापाच्या मुलात तसे दिसले तर तासही थांबायचं नाही. इथलं चित्र रोझिओलाचं होतं. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत नेहमी येणारा विषाणू, तीन-चार दिवस ताप, मग ताप उतरल्यावर पुरळ. त्याला औषध नाही, लागतही नाही. पुरळ शुक्रवारपर्यंत फिकं झालं. कल्चरमध्ये काही वाढलं नाही.

आता ती फ्रिजातली अर्धी बाटली. रविवारी ती सुरू झाली असती तर बुधवारी हेच पुरळ "अँटिबायोटिकच्या चौथ्या दिवशी" आलं असतं. मी किंवा दुसऱ्या कोणीही ते पाहिलं असतं तर रोझिओला की औषधाची अॅलर्जी, हे खात्रीने सांगता आलं नसतं. मुलीच्या फाइलवर लाल शाईत "पेनिसिलिनची अॅलर्जी" लिहिलं गेलं असतं. मग पुढे तिला न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग होईल तेव्हा साधं, स्वस्त, नेमकं औषध सोडून दुसरं महागडं, जास्त जंतूंना मारणारं औषध द्यावं लागलं असतं. असा शेरा असलेली शाळकरी मुलं माझ्याकडे येतात. आईला विचारलं की उत्तर बहुतेक सारखंच असतं: दोन वर्षांची असताना ताप होता, औषध चालू होतं, ताप उतरला आणि अंगावर पुरळ आलं.